टीव्हीवर चक्र फिरतं तेव्हा: कुठल्या क्वालिटीला किती नेट लागतं आणि ते अडतं कुठे

टीव्ही अडकायला लागला की नेटवाल्याला फोन जातो आणि तिकडून ठरलेलं उत्तर येतं, "दादा, तुमचा ४० चा प्लॅन आहे, १०० चा घ्या." बऱ्याच घरांत १०० चा घेऊनही चक्र फिरतच राहतं. तसं का होतं हे कळायला आधी चार आकडे माहीत हवेत. यूट्यूब आणि नेटफ्लिक्स स्वतः जो वेग सुचवतात, त्यावरून हा तक्ता केलाय. शेवटच्या रकान्यात त्या वेगाने तासाभरात किती डेटा जाईल तो हिशोब आहे.

| क्वालिटी | लागणारा वेग | तासाला डेटा |
|---|---|---|
| ४८०पी | सुमारे १ एमबीपीएस | अर्धा जीबी |
| ७२०पी | २.५ ते ३ एमबीपीएस | सव्वा जीबीच्या आसपास |
| १०८०पी, म्हणजे फुल एचडी | ५ एमबीपीएस | सव्वादोन जीबी |
| ४के | १५ ते २० एमबीपीएस | पावणेसात ते नऊ जीबी |

डेटाचा हिशोब सोपा आहे. एमबीपीएसमधला बी हा बिटचा, आणि आठ बिट म्हणजे एक बाइट. ५ गुणिले ३६०० सेकंद भागिले ८ केलं की २२५० एमबी येतात. प्रत्यक्षात सरासरी वापर याहून बराच कमी निघू शकतो, कारण शांत दृश्याला कमी डेटा लागतो आणि पाऊस, गर्दी, मैदानावरचं गवत असलं काही आलं की एकदम जास्त. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही लावणाऱ्यांनी मात्र हा रकाना नीट बघावा. रोजचा २ जीबीचा पॅक फुल एचडीवर पूर्ण वेगाने पाऊण-एक तासात संपतो, आणि पॅक संपल्यावर जो वेग उरतो त्यावर चित्र दिसणं विसराच.

आता घराचा हिशोब करू. टीव्हीवर ४के, त्याला २० धरा. मुलगी मोबाईलवर फुल एचडी बघतेय, तिचे ५. कुणाचा तरी व्हिडिओ कॉल चालू आहे, त्याचे ३-४. एकूण तीसच्या आत. म्हणजे ४० एमबीपीएसमध्ये हे घर आरामात बसायला हवं, आणि ज्याच्याकडे ४के टीव्हीच नाही त्याला तर निम्माही लागत नाही. तरीही चक्र फिरत असेल तर ते प्लॅनच्या आकड्यामुळे फिरत असण्याची शक्यता कमी आहे.

## चित्र धूसर होणं वेगळं, चक्र फिरणं वेगळं

टीव्हीवरचं ॲप एकच मोठी फाइल उतरवत नाही. एकाच सिनेमाच्या चार-पाच किंवा जास्त क्वालिटीच्या प्रती सर्व्हरवर तयार असतात, आणि प्रत्येकीचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात. ॲप एकेक तुकडा आणतं, तो किती वेळात आला ते मोजतं आणि पुढचा तुकडा कुठल्या क्वालिटीचा मागायचा ते ठरवतं. वेग कमी पडला तर ते मुकाट्याने १०८०पीवरून ७२०पीवर येतं, तिथून ४८०पीवर. चित्र धूसर होतं, चेहऱ्यावर चौकोन दिसतात, पण सिनेमा थांबत नाही.

मग चक्र कधी फिरतं? ॲपकडे पुढच्या काही सेकंदांचा साठा कायम असतो, त्यालाच बफर म्हणतात. तो शून्यावर आला की चित्र थांबतं आणि चक्र दिसतं. म्हणजे नेट नुसतं मंद असेल तर ॲप क्वालिटी उतरवून निभावून नेतं. चक्र दिसायला सहसा तीनपैकी एक कारण लागतं: नेट मधूनमधून पूर्ण तुटतंय, किंवा तुम्ही क्वालिटी हाताने वरच्या पायरीवर डांबून ठेवलीय, किंवा वेग इतका खाली आलाय की सगळ्यात खालची पायरीही पेलत नाही. घरोघरी पहिलं कारण सगळ्यात जास्त दिसतं, आणि प्लॅन वाढवून ते जात नाही.

दुसऱ्या कारणाचा हिशोब मजेशीर आहे, कारण त्यात घड्याळ लावून दोष ओळखता येतो. समजा क्वालिटी १०८०पीवर पक्की केलीय, तिला ५ एमबीपीएस लागतात आणि टीव्हीला ४ मिळतायत. एका सेकंदाच्या चित्राला पाच मेगाबिट खर्च होतात आणि चारच जमा होतात, म्हणजे दर सेकंदाला साठ्यातला ०.२ सेकंद कमी होतो. सुरुवातीला ३० सेकंदांचा साठा असेल तर तो १५० सेकंदांत संपेल. म्हणून अशा घरात चित्र दोन-अडीच मिनिटं छान चालतं, मग अडकतं, थोडं भरतं, पुन्हा चालतं, पुन्हा अडकतं. असा ठरावीक अंतराने येणारा अडथळा दिसला तर क्वालिटी 'ऑटो'वर टाका. पुढचं काही करायची गरज उरत नाही.

याउलट तासभर व्यवस्थित, मग अचानक दोनदा अडकलं, मग परत ठीक, असं अनियमित होत असेल तर नेट तुटतंय. ३० सेकंदांचा साठा असताना नेट २० सेकंद गेलं तर तुम्हाला कळतही नाही. ४० सेकंद गेलं तर चक्र दिसणारच, मग वेग ४० असो की ३००. क्रिकेटची लाइव्ह मॅच जास्त का अडकते तेही इथेच कळतं. मॅच घडतेय तेवढीच उतरवता येते, पुढचं षटक आधी आणून ठेवता येत नाही. तिथे साठा थोड्याच सेकंदांचा असतो, म्हणून सिनेमात लपून जाणारी छोटी तूट मॅचमध्ये लगेच उघडी पडते. "सिरियल चालते, मॅचच अडकते" ही तक्रार म्हणूनच अगदी खरी असते.

## मोजमाप टीव्हीजवळच

डोंबिवलीला आमच्या मावशीकडे हेच चाललं होतं. ४० चा फायबर प्लॅन, आतल्या खोलीत नवा ४के टीव्ही, आणि तक्रार अशी की, "अरे, मोबाईलवर झकास चालतं, टीव्हीलाच काय धाड भरलीय?" मोबाईलवर वेग मोजला तर ३८. पण तो मोजला होता बाहेरच्या खोलीत, राउटरखाली सोफ्यावर बसून. टीव्ही बघतो तो वेग टीव्हीच्या जागेवरचा.

टीव्हीत ब्राउझर असेल तर त्यात fast.com उघडा, आकडा आपोआप येतो. ब्राउझर नसेल तर यूट्यूबचं ॲप पुरतं. कुठलाही ४के व्हिडिओ लावा, क्वालिटी ऑटो ठेवा, गिअरच्या चिन्हात जाऊन Stats for nerds चालू करा. कोपऱ्यात आकड्यांची पाटी येते, त्यातल्या दोन ओळी कामाच्या. Connection Speed म्हणजे आत्ता किती वेगाने डेटा येतोय. Buffer Health म्हणजे किती सेकंदांचा साठा हातात आहे.

या Buffer Health वर पाच-दहा मिनिटं नजर ठेवली की दोष कुठल्या जातीचा आहे ते समजतं. साठा हळूहळू उतरत शून्याकडे जात असेल तर वेग कमी पडतोय. बराच वेळ भरलेला राहून एकदम रिकामा होत गेला आणि त्या वेळी नवीन काहीच येत नसेल तर नेट तुटतंय. आणि साठा चांगला वीस-तीस सेकंदांचा असूनही चित्र झटके खात असेल, तर नेटला दोष देऊ नका, टीव्हीचा प्रोसेसर दमलाय. स्वस्त किंवा जुन्या स्मार्ट टीव्हीत हे सर्रास होतं. रिमोटने बंद केलेला टीव्ही खरं तर झोपलेला असतो, म्हणून आधी प्लगवरून दोन मिनिटं पूर्ण बंद करून बघा. तरी फरक नसेल तर बाहेरून लावायची स्टिक किंवा बॉक्स घेणं नवीन टीव्हीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

मावशीच्या टीव्हीवर वेग ८ ते ११ एमबीपीएसच्या मध्ये नाचत होता. फुल एचडीला पुरेसा, ४केला अर्धवट. आणि भाच्याने यूट्यूबची क्वालिटी कौतुकाने ४केवर पक्की करून ठेवली होती.

## घरातलं नेट तुटतं की बाहेरचं?

हे ठरवल्याशिवाय कुणाशीही भांडू नये. लॅपटॉप टीव्हीच्या शेजारी ठेवा आणि टीव्ही ज्या वायफायवर आहे त्याच वायफायला जोडा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा आणि प्रत्येकीत यातली एकेक ओळ द्या:

```
ping -n 300 192.168.1.1
ping -n 300 8.8.8.8
```

पहिली ओळ तुमच्या राउटरला हाक मारते, दुसरी बाहेरच्या जगातल्या गूगलच्या सर्व्हरला. राउटरचा पत्ता तुमच्याकडे वेगळा असू शकतो. ipconfig अशी कमांड दिली की Default Gateway समोर दिसतो तो आकडा पहिल्या ओळीत घाला. दोन्ही खिडक्या एकदम चालू हव्यात आणि त्याच वेळी टीव्हीही चालू हवा. साधारण पाच मिनिटं हे चालेल.

राउटरची उत्तरं एक-दोन ते आठ-दहा मिलिसेकंदांत यायला हवीत. तिथेच मधूनमधून दोनशे-चारशे दिसत असेल किंवा Request timed out येत असेल, तर दोष वायफायचा, म्हणजे घरातला. पहिली खिडकी स्वच्छ असून फक्त दुसऱ्या खिडकीत तेच होत असेल, तर दोष राउटरच्या पलीकडे, नेटवाल्याच्या बाजूला. दोन्हीकडे एकाच क्षणी उत्तर गायब होत असेल तरीही आधी वायफायच बघायचं, कारण बाहेर जाणारी हाक वायफायवरूनच जाते.

एक अपवाद ध्यानात ठेवा. राउटर स्वच्छ आणि बाहेरची उत्तरं वाईट, पण तेवढ्यातच घरातल्या कुणाचा मोबाईल लग्नाचे फोटो क्लाउडवर चढवत असेल, तर ती गर्दी तुमचीच. अपलोड तुडुंब भरलं की डाउनलोडही खोळंबतं, कारण मिळालेल्या डेटाची पोच त्याच अपलोडच्या वाटेने परत पाठवावी लागते. फोटोंचं बॅकअप थांबवून पुन्हा मोजा.

## वायफायचा इलाज

मावशीकडे पहिल्याच खिडकीत तीनशे-चारशे मिलिसेकंदांचे झटके दिसले. राउटर मुख्य दाराच्या वर, जिथून फायबर घरात शिरतं तिथे ठोकलेला. बसवणाऱ्याला तीच जागा सोयीची असते. टीव्ही आणि राउटरच्या मध्ये विटांच्या दोन भिंती आणि एक बाथरूम. टीव्ही जोडलेला होता २.४ गिगाहर्ट्झवर, आणि लॅपटॉपवर बघितलं तर सोसायटीतली वीसेक वायफायची नावं त्याच पट्ट्यात गर्दी करून होती. या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. त्यामुळे दाट वस्तीत रात्री नऊला, सगळे घरी आले की, तो पट्टा फार बेभरवशाचा होतो. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही ह्याच पट्ट्यात गोंगाट करतो.

टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत किंवा एका भिंतीच्या अंतरावर असतील तर टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा, बहुतेकदा तेवढ्याने काम होतं. टीव्हीच्या यादीत ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसतच नसेल आणि मोबाईलला दिसत असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये त्याचं चॅनेल ३६ ते ४८ मधलं ठेवा, कारण मधली काही चॅनेलं बऱ्याच टीव्हींना पकडता येत नाहीत. राउटर टीव्हीच्या मागे लपवायचा मोह मात्र टाळा, टीव्हीचा पत्रा लहरी अडवतो.

दोन भिंती मध्ये असतील तर ५ गिगाहर्ट्झ पोहोचता पोहोचता मरतो. तिथे माझं मत सरळ आहे: वायर टाका. रिपीटर घेऊन बघणारे खूप भेटतात, पण साधा रिपीटर तेच चॅनेल ऐकायला आणि बोलायला वापरतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो आणि गर्दी आणखी वाढते. कॅट-५ई किंवा कॅट-६ ची तयार केबल, भिंतीच्या कडेने पट्टीत दाबून, राउटरच्या मागच्या पिवळ्या किंवा काळ्या पोर्टमधून टीव्हीच्या लॅन पोर्टमध्ये. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो आणि म्हणून काही जण "वायफायला याच्यापेक्षा जास्त वेग येतो" असं म्हणून केबल काढून टाकतात. वर तक्ता पाहा: ४केला २० लागतात. १०० चा पोर्ट पाचपट आहे, आणि केबलवर शेजाऱ्यांची गर्दी नसते.

मावशीकडे दाराच्या चौकटीवरून केबल नेली. टीव्हीवर वेग स्थिर ३७, राउटरची उत्तरं एका मिलिसेकंदात. १०० चा प्लॅन घेतला असता तर? टीव्हीपर्यंत वायफायने ८ ते ११ च पोहोचत होते, ते तेवढेच राहिले असते.

## रात्री नऊचं दुखणं

केबल टाकूनही मॅच मात्र रात्री अडकत होती. पुन्हा त्याच दोन खिडक्या. राउटर स्वच्छ, बाहेरची उत्तरं मात्र तुटत होती. केबलवरून मोजलेला वेग दुपारी तीनला ३८, रात्री साडेनऊला १२. फायबर वाकलेलं असतं किंवा त्याचं टोक मळकं असतं तर त्रास दिवसभर झाला असता. फक्त रात्री होणारा त्रास म्हणजे नेटवाल्याची पुढची लाइन गर्दीच्या वेळी भरते.

नेटवाल्याचा मुलगा आला, त्याने मोबाईलवर स्पीडटेस्ट लावली, ३९ दाखवले आणि म्हणाला, "बघा काकू, फुल स्पीड आहे." तो खोटं बोलत नव्हता. हे ॲप आपोआप जवळचा सर्व्हर निवडतं आणि तो बऱ्याचदा नेट देणाऱ्याच्याच जाळ्यातला असतो. भरलेली असते ती तिथून बाहेर जाणारी वाट, आणि या चाचणीत डेटा त्या वाटेला लागतच नाही. ॲपमध्ये हाताने दुसऱ्या शहरातला, दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडला तर त्याच मोबाईलवर १३ आले. fast.com वरही कधी कधी अशीच फसगत होते, कारण ते नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं आणि ते सर्व्हर अनेक नेट कंपन्यांच्या जाळ्यातच बसवलेले असतात. नेटफ्लिक्स सुरळीत आणि दुसरं ॲप अडकतंय, असं दिसलं तर दोष त्या दुसऱ्या वाटेचा असू शकतो.

तक्रार लिहिताना "नेट स्लो आहे" एवढंच लिहू नका, त्यावर राउटर बंद करून चालू करा हेच उत्तर येणार. तीन-चार संध्याकाळचे आकडे वेळेसकट द्या, केबलवर मोजलेत हे लिहा, सर्व्हर कुठला निवडला ते लिहा, पिंगच्या दोन्ही खिडक्यांचा फोटो जोडा. प्लॅनची मासिक डेटा मर्यादा संपलेली नाही हेही आधी ॲपमध्ये बघून घ्या. मर्यादा संपली की वेग कापला जातो. २०२३ पासून भारतात ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस लागतात, आणि कापलेला वेग तेवढाच उरला तर ४८०पी चालेल, फुल एचडी नाही. रोज चार तास ४के बघणाऱ्याचे तक्त्यातल्या वेगाने महिन्याला साधारण ८०० ते १०८० जीबी जातात, त्यामुळे मोठ्या फायबर प्लॅनची मर्यादा एका टीव्हीने सहसा संपत नाही, पण लहान प्लॅनची संपते.

मावशीच्या नेटवाल्याने आकडे बघून आठवड्याभरात लाइन बदलून दिली आणि रात्रीचा वेग तीसच्या वर राहू लागला. नसती दिली, तर कंपनी बदलायची. मधल्या दिवसांत मॅचपुरती क्वालिटी ॲपमध्ये ७२०पीवर उतरवून ठेवली होती. तिला ३ एमबीपीएस लागतात, १२ मिळत होते, त्यामुळे छोटी तूट पडली तरी साठा लगेच भरून यायचा. मावशीला फरक दिसला नाही, काकांना बॉल थोडा पुसट वाटला, पण सुपर ओव्हर न अडकता बघून झाली.